दोन जनरेटर एकमेकांशी कसे बोलतात? : ड्रूपचा पाठ, आलेखाच्या कागदावर



आजचा पाठ मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या मुलांना शिकवतो. पण त्याला लागणारं गणित आठवी-नववीचंच आहे. सरळ रेषेचा आलेख, शेकडेवारी आणि बेरीज-वजाबाकी एवढं आलं की झालं. त्यामुळे तुम्ही शाळेत विज्ञान किंवा गणित शिकवत असाल, किंवा घरी मुलांचा अभ्यास घेत असाल, तरी हा पाठ तुमच्या उपयोगाचा आहे.

हा पाठ आधी मी फक्त पुस्तकातून शिकवायचो. व्याख्या, आकृती, एक उदाहरण, संपलं. एका फोनमुळे तो बदलला.

माझा एक जुना विद्यार्थी एका शीतगृहात जनरेटर ऑपरेटर आहे. एके रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. आवाज रडवेला.

"सर, दोन नंबरचा सेट परत ट्रिप झाला. आठवड्यात तिसऱ्यांदा. मालक म्हणतात, तू झोपतोस. अजून एकदा अंधार झाला तर कामावर येऊ नकोस म्हणालेत."

मी म्हटलं, "अरे, आधी शांत हो. ट्रिप कधी होतो? लोड वाढल्यावर?"

"नाही ना सर, तेच तर कळत नाही. लोड कमी झाल्यावर होतो."

आता थोडं थांबा आणि हा प्रश्न वर्गात विचारून बघा. ओझं जास्त झालं म्हणून कुणी खाली बसला, हे सगळ्यांना समजतं. पण ओझं कमी झालं आणि माणूस खाली बसला, हे कसं? माझ्या वर्गात या प्रश्नावर पाच मिनिटं कुणालाच काही सुचत नाही, आणि ती पाच मिनिटं फार मोलाची असतात.

तिथली मांडणी अशी होती

शीतगृहात दोन डिझेल जनरेटर होते. मोठा २०० किलोवॉटचा, त्याला आपण 'अ' म्हणू. धाकटा १०० किलोवॉटचा, त्याला 'ब' म्हणू. बाहेरची वीज गेली की दोन्ही चालू करायचे, सिंक करायचे आणि एकाच बसबारवर पॅरलल चालवायचे. सगळे कॉम्प्रेसर सुरू असले की लोड साधारण २४० किलोवॉट. माल पुरेसा थंड झाला की कॉम्प्रेसर बंद होतात आणि लोड ६० पर्यंत उतरतो.

घडत असं होतं की कॉम्प्रेसर बंद झाले की 'ब' ट्रिप व्हायचा. तेव्हा अंधार होत नसे, कारण ६० किलोवॉट 'अ' एकटा सहज उचलायचा. अर्ध्या-पाऊण तासाने तापमान वाढून कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होत. मग २४० चा लोड एकट्या २०० वाल्यावर पडायचा, तोही ओव्हरलोडने ट्रिप व्हायचा आणि सगळीकडे अंधार. मालकाला दिसायचा तो फक्त शेवटचा अंधार. खरी गोष्ट त्याच्या तासभर आधी, लोड उतरताना घडून गेलेली असायची.

पॅरलल म्हणजे एकाच जुवाला

दोन जनरेटर एकदा पॅरलल झाले की त्यांचा वेग वेगवेगळा राहूच शकत नाही. गाडीच्या जुवाला जुंपलेल्या दोन बैलांसारखं आहे हे. एक जोर लावेल, दुसरा अंग चोरेल, पण चालणार दोघं एकाच चालीने. जनरेटरमध्ये हे जू लाकडाचं नसतं, चुंबकीय बलाचं असतं, पण पकड तितकीच पक्की असते. आपल्याकडचे असे सेट बहुधा चार पोलचे असतात. ते मिनिटाला १५०० फेरे फिरले की ५० हर्ट्झची वीज निघते. म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजली की दोघांचाही वेग मोजल्यासारखंच झालं.

आता लोड वाढला की काय होतं ते बघू. वीज साठवून ठेवायला या वायरिंगमध्ये कोठार नसतं. कॉम्प्रेसर सुरू झाला त्या क्षणी त्याला लागणारी जादा ऊर्जा कुठून तरी यायलाच हवी. ती येते फिरत्या चाकातून, म्हणजे रोटर आणि फ्लायव्हीलच्या गतिज ऊर्जेतून. साहजिकच वेग थोडा पडतो. तो पडला की गव्हर्नरला कळतं आणि तो डिझेल वाढवतो. इथे मुलं नेहमी गोंधळतात. त्यांना वाटतं लोड वाढला की व्होल्टेज पडतं, म्हणून गव्हर्नर जागा होतो. तसं नाही. व्होल्टेज सांभाळायला वेगळं यंत्र असतं, एव्हीआर. गव्हर्नर फक्त वेग बघतो आणि फक्त डिझेल हलवतो. 'ब' वर लोड किती, 'अ' वर किती, हे त्याला माहीतच नसतं.

आणि इथेच खरा प्रश्न आहे. दोघांच्या गव्हर्नरांमध्ये एकही वायर नाही. मग जादा आलेल्या लोडमधला किती कुणी उचलायचा, हे ठरवतं कोण?

मुद्दाम ठेवलेला झुकाव

समजा तुम्ही दोन्ही गव्हर्नर अगदी काटेकोर ठेवलेत. लोड काहीही असो, ५० म्हणजे ५०. ऐकायला छान वाटतं. एकटा जनरेटर असेल तर असं चालतंही. पण दोन पॅरलल असतील आणि एकाच्या मोजणीत अगदी थोडा फरक असेल, म्हणजे एकाला ५० वाटतं ते दुसऱ्याला ५०.०५ वाटतं, तर काय होईल? पहिला म्हणेल वेग कमी आहे आणि डिझेल वाढवत जाईल. दुसरा म्हणेल वेग जास्त आहे आणि डिझेल कमी करत जाईल. दोघं आपल्या जागी बरोबर, आणि दोघांचं भांडण संपणार नाही. शेवटी सगळा लोड एकाच्या अंगावर आणि दुसरा रिकामा. हे टाळायचं तर दोघांना जोडणारी वेगळी लोड शेअरिंगची यंत्रणा लागते.

साधा उपाय असा की गव्हर्नरला थोडं नमतं घ्यायला लावायचं. लोड शून्य असेल तेव्हा वेग थोडा जास्त, आणि लोड वाढेल तसा वेग ठरलेल्या प्रमाणात कमी. यालाच ड्रूप म्हणतात. मी मुलांना 'झुकाव' म्हणतो. ४ टक्के ड्रूप म्हणजे ५० हर्ट्झच्या ४ टक्के, म्हणजे २ हर्ट्झ. पूर्ण लोडला ५० हर्ट्झ हवे असतील तर रिकाम्या सेटला ५२ हर्ट्झवर सोडायचं. मधल्या प्रत्येक लोडला एक ठरलेली फ्रिक्वेन्सी. अर्ध्या लोडला ५१, पाऊण लोडला ५०.५.

वेग पडणं हा इथे दोष नाही, तो निरोप आहे. फ्रिक्वेन्सी ५०.५ वर आली की तो आकडा दोन्ही सेटना एकाच वेळी दिसतो, आणि प्रत्येक जण आपापल्या रेषेवर बघून समजतो की मी आता माझ्या ताकदीच्या पाऊण हिश्श्यावर असायला हवं. २०० वाला १५० उचलतो, १०० वाला ७५. कुणी कुणाला विचारलं नाही, तरी वाटणी ताकदीच्या प्रमाणात झाली. अट एकच, दोघांचा झुकाव टक्क्यांत सारखा हवा आणि दोघांच्या रेषा एकाच ठिकाणाहून सुटायला हव्यात.

आलेखाचा कागद आणि फूटपट्टी

हे वर्गात दाखवायला मी आलेखाचा कागद आडवा धरायला लावतो. मधोमध एक उभी रेघ मारायची, तिच्यावर फ्रिक्वेन्सी, खाली ५० आणि वर ५२. मधल्या रेघेच्या उजवीकडे 'अ' चा लोड मोजायचा, डावीकडे 'ब' चा. दोघांच्या झुकावाच्या रेषा काढल्या की घराच्या उतरत्या कौलांसारखी आकृती तयार होते. 'अ' ची रेषा ५२ पासून निघून उजवीकडे २०० ला ५० वर टेकते, 'ब' ची ५२ पासून निघून डावीकडे १०० ला ५० वर टेकते.

आता फूटपट्टी आडवी ठेवा. फूटपट्टी म्हणजे फ्रिक्वेन्सी, दोघांना समान. ती जिथे उजव्या कौलाला कापते तो 'अ' चा लोड, जिथे डाव्याला कापते तो 'ब' चा. दोन्हींची बेरीज एकूण लोडइतकी होईपर्यंत पट्टी वर-खाली सरकवायची. १५० च्या लोडला पट्टी ५१ वर थांबते, 'अ' १०० आणि 'ब' ५०. २४० च्या लोडला ५०.४ वर थांबते, 'अ' १६० आणि 'ब' ८०. मुलांना गव्हर्नरचं सूत्र पाठ करायला लावण्यापेक्षा ही पट्टी दहा वेळा सरकवू द्या. आणि मग दोन्ही रेषा सपाट काढून पट्टी ठेवायला सांगा. पट्टी रेषेवर अख्खी चिकटते, कुठे कापतच नाही, म्हणजे वाटणीचं उत्तरच मिळत नाही. काटेकोर गव्हर्नर एकमेकांशी का भांडतात, हे मुलांना तिथे दिसतं.

फोनवरचं निदान

आता त्या रात्रीकडे परत येऊ. मी त्याला म्हटलं, "तुझ्या लॉगबुकात आज संध्याकाळचे आकडे असतील. सगळे कॉम्प्रेसर चालू असतानाचे आणि काही बंद झाल्यावरचे, दोन्ही सेटचे किलोवॉट मला वाच."

त्याने वाचले. एकूण २४० होता तेव्हा 'अ' १७० वर, 'ब' ७० वर, फ्रिक्वेन्सी ५०.३. एकूण १५० होता तेव्हा 'अ' १२५ वर, 'ब' २५ वर, फ्रिक्वेन्सी ५०.७५.

तुम्हीही वही घ्या आणि वजाबाकी करा. एकूण लोड ९० ने उतरला. 'अ' किती उतरला? १७० वजा १२५, म्हणजे ४५. 'ब' किती? ७० वजा २५, तोही ४५. दोघांनी अगदी सारखं सोडलं.

हे चूक आहे. 'ब' ची ताकद निम्मी. ९० उतरले तर 'अ' ने ६० आणि 'ब' ने ३० सोडायला हवे होते. धाकटा भाऊ थोरल्याच्या बरोबरीने देवाणघेवाण करतोय, आणि त्याच्या खिशात मुळात निम्मेच पैसे. लोड असाच उतरत गेला तर आधी कोण रिकामा होणार? २४० ला 'ब' कडे ७० होते. दोघांनी सत्तर-सत्तर सोडले की, म्हणजे एकूण १०० च्या लोडला, 'ब' शून्यावर येतो आणि सगळे १०० 'अ' वर राहतात. त्याच्याही खाली लोड गेला तर?

तर 'ब' उणे होतो. म्हणजे तो वीज द्यायच्या ऐवजी घ्यायला लागतो. जनरेटर मोटर होऊन बसतो आणि 'अ' ची वीज खाऊन आपलं इंजिन फिरवत राहतो. रेषेप्रमाणे ६० च्या लोडला 'अ' ८० देणार आणि 'ब' उणे २० वर जाणार. प्रत्यक्षात 'ब' चं डिझेल पूर्ण बंद झालं की ते इंजिन नुसतं फिरवायला जेवढी लागेल तेवढीच वीज तो ओढतो, त्यामुळे तो आकडा थोडा अलीकडेच थांबतो. पण इंजिनला हे चांगलं नाही, म्हणून पॅनलवर रिव्हर्स पॉवर रिले असतो. इथे तो ८ किलोवॉटला लावलेला होता. उलटी वीज त्याच्या वर काही सेकंद टिकली की तो ब्रेकर उघडतो. पोरगा झोपला नव्हता. रिलेने त्याचं काम चोख केलं होतं.

मी विचारलं, "पॅनलवर कुठला दिवा लागलाय बघ."

तो जाऊन आला. "रिव्हर्स पॉवरचा, सर."

आधीच्या दोन वेळी त्याने तो दिवा न बघताच रीसेट केला होता, कारण अंधारात घाई असते. हे मी आता प्रत्येक तुकडीला सांगतो. रीसेट करायच्या आधी कुठला रिले पडलाय ते वहीत लिहा. ओव्हरलोडने पडलेला सेट आणि रिव्हर्स पॉवरने पडलेला सेट, दोन्हींचा ब्रेकर उघडाच दिसतो, पण कारणं अगदी उलट असतात.

मग चूक कुठे होती?

आकड्यांवरून 'ब' ची रेषा काढा. ७० किलोवॉटला ५०.३, २५ किलोवॉटला ५०.७५. म्हणजे ४५ किलोवॉटला ०.४५ हर्ट्झ, १०० किलोवॉटला १ हर्ट्झ. रेषा पुढे वाढवली की शून्य लोडला ५१ वर जाते. ५० च्या मानाने १ हर्ट्झ म्हणजे २ टक्के. 'अ' चं तसंच करा, २०० किलोवॉटला २ हर्ट्झ येतात, म्हणजे ४ टक्के. 'अ' चा झुकाव बरोबर, 'ब' चा निम्मा.

मी विचारलं, "ब च्या गव्हर्नरला अलीकडे कुणी हात लावला होता का?"

"हो सर. पंधरा दिवसांपूर्वी सर्व्हिसिंग झालं. मेकॅनिक म्हणाला, याची फ्रिक्वेन्सी फार हलते, मी जरा स्थिर करून देतो."

त्या मेकॅनिकचा हेतू वाईट नव्हता. त्याने 'ब' एकटा चालवून बघितला असणार. एकट्या सेटला झुकाव कमी केला की फ्रिक्वेन्सी खरंच जास्त स्थिर दिसते. ५२ ते ५० हलण्याऐवजी ५१ ते ५० हलते. पूर्ण लोडला दोन्ही रेषा ५० वरच येतात, त्यामुळे ३०० च्या लोडला 'अ' २०० आणि 'ब' १०० अशी वाटणी अगदी बरोबर दिसली असती. बिघाड फक्त हलक्या लोडला उघडा पडतो. म्हणून हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: भरल्या लोडला वाटणी जुळते आणि लोड उतरेल तशी बिघडत जाते, तर संशय झुकावावर घ्यायचा. आणि प्रत्येक लोडला एकच सेट ठरावीक आकड्याने पुढे किंवा मागे असेल, तर संशय स्पीड सेटिंगच्या नॉबवर घ्यायचा.

त्या रात्रीपुरता उपाय

त्याने लगेच विचारलं, "सर, मग मी ब चा स्पीडचा नॉब वाढवू का? म्हणजे तो जास्त लोड घेईल."

प्रश्न चांगला होता, आणि उत्तर 'हो, पण' असं होतं. नॉब फिरवल्याने रेषेचा झुकाव बदलत नाही, अख्खी रेषा वर-खाली सरकते. आलेखावर करून बघा. 'ब' ची रेषा ०.६ हर्ट्झने वर उचला, म्हणजे ती ५१.६ पासून सुटेल. आता ६० च्या लोडला पट्टी ५१.५ वर थांबते, 'अ' ५० आणि 'ब' १०. उणे गेला नाही, म्हणजे ट्रिप होणार नाही. पण सगळे कॉम्प्रेसर लागून २४० झाले की पट्टी ५०.६ वर येते, 'अ' १४० आणि 'ब' १००. धाकटा काठोकाठ भरला, तर थोरल्याकडे अजून ६० शिल्लक. २४० च्या वर आणखी काही चालू केलं की 'ब' ओव्हरलोडने पडणार. म्हणजे नॉबने आजार बरा होत नाही, फक्त एका टोकाचा दुसऱ्या टोकाला जातो.

तरी त्या रात्रीपुरतं आम्ही तेच केलं. मी बजावलं की २४० च्या वर एक पंखासुद्धा लावायचा नाही, आणि 'ब' च्या मीटरवरून नजर हटवायची नाही. पहाटे पाचला बाहेरची वीज आली. मग त्याचा मेसेज आला, "सर, रात्रभर ट्रिप नाही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकला बोलावून झुकाव पुन्हा ४ टक्क्यांवर आणला. तपासायची रीत सोपी आहे. 'ब' एकटा चालवायचा. रिकामा असताना ५२ हर्ट्झ दिसले पाहिजेत. मग ५० किलोवॉटचा लोड द्यायचा, फ्रिक्वेन्सी स्थिरावल्यावर ५१ दिसली पाहिजे. दोन बिंदू मिळाले की रेषा मिळाली. त्यानंतर पॅरलल करून ६० च्या लोडला बघितलं तर 'अ' ४० आणि 'ब' २०. नोकरी वाचली. त्याने मालकाला काय समजावलं ते मी विचारलं, तर म्हणाला, "सर, मी त्यांना वजाबाकी करून दाखवली."

हीच फूटपट्टी देशभर

हा पाठ दोन जनरेटरवर थांबवू नका. तुमच्या घरातल्या पंख्यामागे जे ग्रिड आहे, तिथेही तीच फूटपट्टी आहे, फक्त ती हजारो किलोमीटर लांब आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते आपलं सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी फ्रिक्वेन्सी एकच. कुठल्याही केंद्रातला गव्हर्नर आपल्याच शाफ्टचा वेग बघतो आणि त्यातून त्याला सगळ्या देशाच्या लोडची बातमी मिळते.

मोठ्या संचांचा झुकाव साधारण ३ ते ६ टक्के ठेवतात. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातला एक संच २५० मेगावॉटचा आहे. त्याचा झुकाव ५ टक्के धरून मुलांना गणित घाला. ५० च्या ५ टक्के म्हणजे २.५ हर्ट्झ, तेवढ्यासाठी २५० मेगावॉट. मग फ्रिक्वेन्सी ०.१ हर्ट्झने पडली तर तो किती वाढवेल? १० मेगावॉट. एकटा संच काही फार करत नाही. पण तोच ०.१ चा आकडा देशातल्या सगळ्या संचांना एकाच वेळी दिसतो, आणि प्रत्येकाने थोडं थोडं दिलं की मोठा खड्डा भरतो.

मुलं इथे दोन चांगल्या शंका काढतात. पहिली, "सर, सगळ्यांनी दिलं तर फ्रिक्वेन्सी परत ५० वर येते का?" नाही येत. झुकावाचा स्वभावच असा की तो पडझड थांबवतो, पण पट्टी खालीच राहते. तिला परत वर आणायला कुणीतरी नॉब फिरवून रेषा वर उचलावी लागते. ग्रिडमध्ये हे काम लोड डिस्पॅच सेंटरच्या सूचनेवरून होतं. दुसरी शंका, "एखादा संच आधीच पूर्ण भरलेला असेल तर?" मग त्याची रेषा तिथेच संपते. फ्रिक्वेन्सी कितीही ओरडली तरी तो जास्त देऊ शकत नाही. म्हणून झुकाव कामाला यायचा तर काही संचांत जागा राखून ठेवावी लागते.

५ एप्रिल २०२० ची रात्र तुम्हाला आठवत असेल. रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करायचे होते. त्या वेळी देशाचा लोड सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरला. आपल्या शीतगृहासारखीच गोष्ट, लोड वाढल्याची नव्हे तर उतरल्याची. एवढा मोठा बदल एकट्या झुकावावर सोडला असता तर फ्रिक्वेन्सी फार वर गेली असती. म्हणून आधीच आखणी करून जलविद्युत संच हाताने खाली आणले आणि नंतर पुन्हा वर नेले, कारण पाण्याचे संच भराभर कमी-जास्त करता येतात. झुकाव आपलं काम करतच होता. फ्रिक्वेन्सी साधारण ४९.७ ते ५०.२६ हर्ट्झच्या दरम्यान राहिली आणि ग्रिड टिकलं.

वर्गात करून बघा

आलेख आणि फूटपट्टीचा खेळ एका तासात होतो. मुलांना आधी दोन्ही ४ टक्क्यांच्या रेषा काढू द्या, मग 'ब' ची रेषा २ टक्क्यांची करायला सांगा आणि 'ब' किती लोडला शून्यावर येतो ते त्यांचं त्यांना शोधू द्या. उत्तर १०० किलोवॉट, हे आधी सांगू नका.

दुसरं काम घरी करण्यासारखं आहे. देशाची चालू फ्रिक्वेन्सी लोड डिस्पॅच सेंटरच्या संकेतस्थळांवर दिसते. पालकांनी मुलांसोबत बसून सकाळी सहा, संध्याकाळी सात आणि रात्री अकराला तो आकडा आठवडाभर वहीत लिहावा. प्लगमध्ये मीटर घालून मोजायला मुलांना अजिबात लावू नका, त्याची गरज नाही. दुसऱ्या राज्यात कुणी नातेवाईक असेल तर त्यांनाही त्याच मिनिटाला तो आकडा बघायला सांगा. सांगली आणि गुवाहाटीचा आकडा जुळला की मुलं विचारतील, "असं कसं?" तेव्हा त्यांच्यासमोर आलेखाचा कागद ठेवा.

तो विद्यार्थी आता दर वर्षी एकदा माझ्या वर्गात येतो. फळ्यावर फक्त चार आकडे लिहितो: १७०, ७०, १२५, २५. आणि मुलांना विचारतो, "सांगा, कुठला सेट आजारी आहे?"